एल निनोचा पत्ता

एप्रिल उजाडला की एल निनोच्या बातम्या सुरू होतात. मथळ्यात ‘तीव्र’, फार तर ‘अतितीव्र’ असं विशेषण असतं आणि ते वाचून बी-बियाण्यांच्या दुकानापासून शेअर बाजारापर्यंत सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. प्रशांत महासागर किती तापला, एवढंच त्या विशेषणातून कळतं. तो नेमका कुठे तापला, हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातही सापडत नाही. आपल्या पावसाचं निम्मं गणित तर त्या ‘कुठे’मध्येच आहे.

1997 साल आठवून पाहा. विसाव्या शतकातला सर्वांत दांडगा म्हणावा असा एल निनो त्या वर्षी उभा राहिला. पेरूच्या किनाऱ्यालगतचं पाणी सरासरीपेक्षा चार अंशांनी तापलं होतं. भारतात दुष्काळ ठरलेला, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. प्रत्यक्षात देशभरात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला. पाचच वर्षांनी, 2002 मध्ये, मध्यम ताकदीचा एल निनो आला. समुद्र तापला तो मध्य भागात आणि तोही अंशभरच. हवामान खात्याचा अंदाज 101 टक्क्यांचा होता. जून बरा गेला, पेरण्या झाल्या आणि ऐन आषाढात पावसाने दडी मारली. जुलैमध्ये देशात नेहमीच्या जेमतेम निम्मा पाऊस पडला. मोसम संपला तेव्हा तूट 19 टक्के होती आणि अन्नधान्याचं उत्पादन आदल्या वर्षीच्या 21 कोटी टनांवरून साडेसतरा कोटींच्या घरात उतरलं.

चार अंशांनी काही बिघडलं नाही आणि एका अंशाने जुलै बुडवला, हे विचित्र वाटतं. पण त्यामागचा हिशेब साधा आहे. उष्ण कटिबंधात समुद्रावर उंच, गडगडाटी ढग उभे राहायचे तर पाणी साधारण 28 अंशांच्या आसपास असावं लागतं. पेरूपाशी खोलातलं गार पाणी सतत वर येत असतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथला पृष्ठभाग 20-21 अंशांवर असतो. त्यात चार मिळवा, पंचवीस होतात. म्हणजे ऐन मोसमात तरी तो समुद्र ढगांच्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतो. प्रशांताच्या मध्यावर, आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या आसपास, पाणी मुळातच 28 अंशांवर असतं. तिथे एक अंश वाढला की इंडोनेशियाकडे साचणारा ढगांचा पसारा पूर्वेला सरकून या नव्या उबेवर येऊन बसतो. तिथे हवा जोराने वर चढते आणि वर चढलेली हवा कुठेतरी खाली उतरणारच. ती उतरते पश्चिमेला, आपल्या बाजूला. उतरणारी हवा ढगांना डोकं वर काढू देत नाही. अरबी समुद्रावरून वारा येतो, आभाळ भरल्यासारखंही दिसतं, पण पाऊस पडत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले के. कृष्णकुमार आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ‘सायन्स’मध्ये हेच मांडलं. ज्या एल निनो वर्षांत भारतात दुष्काळ पडला आणि ज्या वर्षांत टळला, त्यांच्या समुद्राच्या तापमानाचे नकाशे त्यांनी वेगळे काढले. दुष्काळाच्या वर्षांत सर्वाधिक उष्णता प्रशांताच्या मध्यावर एकवटलेली दिसली. मग संगणकी प्रारूपाला दोन्ही तऱ्हेचे समुद्र देऊन पाहिले, तेव्हाही भारतावर हवा जास्त दाबून धरली ती मध्य भागातल्या उबेनेच. 2009 सालानेही याला पुस्ती जोडली. एल निनो पुन्हा मध्यावरचा होता आणि पावसाची तूट 22 टक्क्यांची.

अर्थात एवढ्यावर सगळं सुटत नाही. मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी बंगळुरूहून आणखी एका दाराकडे बोट दाखवलं होतं, ते म्हणजे विषुववृत्तालगतचा हिंदी महासागर. त्याच्या पश्चिम भागावर ढग जमले तर मोसमी पावसाला बळ मिळतं, पूर्व भागावर जमले तर तो रोडावतो. 1997 मध्ये हा समुद्र आपल्या बाजूने होता, 2002 मध्ये विरोधात. म्हणजे 1997 चा बचाव किती प्रशांतामुळे आणि किती हिंदी महासागरामुळे, याचा निवाडा एका वाक्यात करता येत नाही. ‘एल निनो आला, दुष्काळ आला’ हे समीकरण मात्र दोन्ही बाजूंनी खोटं ठरतं.

आता जगाच्या तापमानाकडे वळू. तिथे वजन वेगळ्या गोष्टीला आहे. एल निनोत महासागराने पोटात साठवलेली उष्णता पृष्ठभागावर पसरते आणि काही महिन्यांनी हवेत उतरते. यात विस्तार आणि एकूण उष्णता महत्त्वाची. म्हणून 1997 च्या एल निनोने आपला पाऊस सोडला, पण 1998 ला तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष करून ठेवलं. आपल्याला पिळणारा आणि जगाला तापवणारा एल निनो एकच असेल, असं नाही. शिवाय अशी भर एक-दोन दशांश अंशांची आणि तात्पुरती असते. तळाचा चढ माणसाने हवेत सोडलेल्या वायूंचा आहे. म्हणून तर 2021 आणि 2022 ही ला निनाची, म्हणजे गार प्रशांताची वर्षं असूनही 1998 पेक्षा उष्ण ठरली.

दोन्ही तडाखे एकदम बसले ते 2015-16 मध्ये. त्या वेळी प्रशांत पूर्वेलाही तापला आणि मध्यावरही. मोसमी पाऊस 86 टक्क्यांवर थांबला, मराठवाड्यात तर त्याहून कितीतरी कमी झाला आणि मांजरा धरण कोरडं पडलं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. 2016 हे तोवरचं सर्वांत उष्ण वर्षही ठरलं. प्रशांताचा दोष मोठा होताच. पण धरणाच्या पाण्यावर उसाचे मळे प्रशांताने लावले नव्हते, हेही कुणीतरी म्हणायला हवं.

2023 चा एल निनोही तीव्र होता. मोसमाचा एकूण पाऊस सरासरीच्या 94 टक्के, म्हणजे कागदावर बरा. पण त्यातला ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. तूट 36 टक्क्यांची. जुलै आणि सप्टेंबर सरासरीच्या वर गेले म्हणून बेरीज सावरली. शेंगा धरायच्या वेळी वाळलेल्या सोयाबीनला सप्टेंबरची भरपाई चालत नाही. राज्य सरकारला पुढे 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला.

तेव्हा संपादकांना आणि वार्ताहरांना एक विनंती. अमेरिकी हवामान संस्था दर सोमवारी प्रशांताच्या चार पट्ट्यांचे आकडे जाहीर करते. आपल्याकडे बातमी होते ती ‘निनो 3.4’ या एकाच पट्ट्याच्या आकड्याची. तिच्याशेजारी मध्य-पश्चिमेच्या ‘निनो 4’चा आणि पेरूलगतच्या ‘निनो 1+2’चा आकडाही छापा, आणि हिंदी महासागराची एक ओळ द्या. मार्च-एप्रिलमधले एल निनोचे अंदाज सर्वांत कच्चे असतात, हेही चौकटीत सांगा. आणि वाचकहो, ‘अतितीव्र’ दिसलं म्हणून पेरणीचा बेत लगेच मोडू नका. ‘सौम्य’ दिसलं म्हणून पाण्याचा हिशेबही सैल सोडू नका. 2002 चा एल निनो तीव्र नव्हता.