पाढा शाळेचा, चाल घरची

पालकहो, गोंदिया जिल्ह्यात शाळेची मराठी आणि घरची बोली बऱ्याच ठिकाणी एक नसते. तिरोडा, गोरेगाव, आमगावकडे घराघरांत पोवारी बोलतात, कुठे झाडीबोली, तर सालेकसा, देवरीकडे गोंडी घरातलं लेकरू उंदी, रंड, मुंद असं मोजत मोठं होतं. त्या लेकराने पाढा पुस्तकी मराठीत घोकायचा म्हणजे दोन कामं एकदम: आकडा लक्षात ठेवायचा आणि त्याचं नावही. म्हणून माझं सांगणं एवढंच की आकड्याचं नाव शाळेचंच राहू द्या, पण त्याच्या आगेमागे येणारी ओळ आणि चाल घरची असू द्या. आजीच्या दळणाच्या गाण्याची चाल चालेल, दंडारीतलीही चालेल.

अख्खा पाढा गाण्यात बसवायची गरज नाही. साताचाच घ्या. सात पंचे पस्तीसपर्यंत मुलं सहसा पोहोचतात. अडतात ती सात सक बेचाळीस, सात साती एकोणपन्नास आणि सात आठी छप्पन इथे. त्यात एकोणपन्नास सगळ्यात फसवा. शेवटी 'पन्नास' ऐकू येतं आणि मूल 59 लिहून मोकळं होतं. त्याला आधी 'चाळीस नऊ' म्हणू द्या. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात अशा वाचनाची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! पण अडलेल्या मुलाला त्याचा आधार होतो, हे खरं. मग ही ओळ द्या:

*पन्नासाला एकच कमी,*
*सात साती, धरली हमी.*

आणि छप्पनसाठी:

*पाच, सहा, सात, आठ,*
*छप्पनची ही सरळ वाट.*

बोटाने 5, 6, 7, 8 ओळीत लिहून दाखवा; मधे बरोबरचं आणि गुणाकाराचं चिन्ह घातलं की 56 = 7 × 8 दिसतं. ही ओळ घरच्या बोलीत बदलायची असेल तर खुशाल बदला, यमक आजी जुळवील. तेंदूपानांच्या हंगामात हात कामाला असतात तेव्हा आणखी सोपं. सत्तर पानांचं पुडकं म्हणजे सात दाहे सत्तर, अर्धं पुडकं पस्तीस, म्हणजे सात पंचे. दहा दहा पानांच्या सात थप्प्या मुलालाच लावू द्या.

गाण्याचा एक तोटा आहे. मूल झकास गातं, पण मधूनच "सात आठी?" विचारलं की ओठातल्या ओठात 'सात एके'पासून सुरू करतं. असं झालं की समजा, पाठ झाली आहे ती चाल. मग पस्तीसपासून सुरुवात करायला लावा, आणि दुसऱ्या दिवशी चाल सोडून उलटं विचारा: "बेचाळीस कितीचे?" उत्तर न गाता आलं की ती ओळ सोडून द्यायची, पुढची घ्यायची. एका वेळी दोनच ओळी पुरतात.

शुद्धलेखनाची गोष्ट थोडी वेगळी. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 आणि 1972 च्या मिळून अठरा नियमांतले सगळे तिसरी-चौथीच्या मुलाला नकोत. एक मात्र रोज लागतो: शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ, आणि पुढे प्रत्यय लागला की तोच ह्रस्व. त्याची ओळ अशी:

*फूल म्हणता ओठ लांब,*
*फुलाला म्हणता लगेच थांब.*

मुलाने ती म्हणायची आणि लगेच वहीत दोन्ही शब्द लिहायचे. मग गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला त्याच चालीवर घ्या. पण गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या ओळीत बसत नाहीत. ते आल्यावर "हे पाहुणे, यांचा नियम वेगळा" एवढं सांगून पुढे जा.

न आणि ण मात्र कुठल्याही नियमात बसत नाहीत. आपल्याकडे झाडीबोलीत आणि पोवारीत 'पानी'च म्हणतात. त्यासाठी मुलाला टोकू नका. बोलायचं तसं बोलू द्या, लिहायची यादी यमकातून द्या. रान, धान, पान, कान, मान: साधा न. पाणी, लोणी, राणी, कहाणी: ण. दोन्ही ओळींना वेगवेगळी चाल ठेवा, नाहीतर त्या एकमेकींत मिसळतात. ण म्हणताना जीभ मागे वळते, ते मुलाला आरशात दाखवा. घरच्या बोलीत तो आवाज नसेल तर एकदम जमणार नाही. श्रुतलेखनात मात्र शब्द तुम्ही म्हणू नका. चालीतलं पहिलं अक्षर गुणगुणा, पुढचं मुलाने आठवून लिहावं.