‘बघू’ म्हणजे ठरलं नव्हे

भाच्याच्या शाळेतली पालकभेट आपाने बाईंच्या परवानगीने रेकॉर्ड केली आणि सारांश लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मी लिहिलं, ‘ठरलं: बाई त्याला पुढच्या बाकावर बसवतील.’ पुन्हा ऐकलं तर बाई फक्त ‘बघू’ म्हणाल्या होत्या. तो कागद तसाच गेला असता तर महिन्याभराने आपाने बाईंवर शब्द मोडल्याचा ठपका ठेवला असता.

ती ओळ मी ‘तक्रारी’त हलवली: ‘फळा दिसत नाही (आपा). बाक बदलणं अनिर्णित.’ ‘ठरलं’खाली एकच उरलं: ‘शुक्रवारपर्यंत आपा त्याचे डोळे तपासून घेईल.’ हे तिने स्वतः कबूल केलं होतं.

कोण, काय, कधी आणि त्याच माणसाचा स्पष्ट होकार, यातलं एकही नसेल तर ते ठरलेलं नाही. सारांश बाईंनाही पाठवा. आपलं चुकलेलं त्याच दाखवतील.