चोर जखमी झाला आणि घरमालकालाच भरपाई द्यावी लागली! कायदा असं का म्हणतो?

चोरी करायला गेलेला माणूस घरमालकावर दावा ठोकतो आणि जिंकतो. ऐकूनच डोकं फिरतं. पण अमेरिकेतील आयोवा राज्यात 'कॅटको विरुद्ध ब्रायनी' खटल्यात १९७१ मध्ये हेच झालं, आणि निकाल चुकीचा नव्हता.

ब्रायनी दाम्पत्याचं शेतातलं जुनं घर रिकामं होतं. खिडक्या फुटायच्या, सामान जायचं. 'आत येऊ नये' अशा पाट्या लावूनही फरक पडेना. अखेर १९६७ मध्ये त्यांनी आतल्या खोलीत लोखंडी पलंगाला छऱ्याची बंदूक बांधली आणि तिच्या घोड्याची तार दाराच्या मुठीला जोडली. दार उघडलं की बार! नळी आधी पोटाच्या उंचीवर होती. पत्नीने सांगितलं म्हणून पायांकडे वळवली. आत बंदूक आहे, असं सांगणारी पाटी मात्र कुठेच नव्हती.

कॅटको शिरला तो जुन्या बाटल्या आणि बरण्या उचलायला. पायाच्या चिंधड्या उडाल्या, ४० दिवस रुग्णालयात गेले. चोरीबद्दल त्याला ५० डॉलर दंड झालाच. पण दिवाणी दाव्यात ज्युरीने त्याला ३० हजार डॉलर मंजूर केले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले.

तर्क साधा आहे. मालक स्वतः तिथे उभा असता, तरी बाटल्यांसाठी त्याला गोळी झाडता आली नसती. मग तेच काम बंदुकीकडून कसं करून घेणार? दाराला बांधलेल्या बंदुकीला चोर आणि आग विझवायला आलेला माणूस यांतला फरक कळत नाही.

याचा अर्थ चोराची काळजी घ्यायची, असा नाही. कॅटको कुजक्या पायरीवरून पडला असता, तर त्याचा दावा टिकणं अवघड होतं. आगंतुकासाठी घर सुरक्षित ठेवणं मालकावर सहसा बंधनकारक नसतं; मुद्दाम सापळा लावणं मात्र चालत नाही.

भारतातही हीच रेषा आहे. बिहारच्या चेरुबिन ग्रेगरी प्रकरणात शेजारची बाई न विचारता आपलं शौचालय वापरते, म्हणून मालकाने वाटेत विजेची उघडी तार लावली. तिचा जीव गेला. तिच्या स्वतःच्या शौचालयाची भिंत पडली होती, एवढंच कारण! हे प्रकरण फौजदारी होतं. ती आगंतुक होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फेटाळला आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली.

रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात थेट मेन लाइनचा करंट सोडणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं. पिकाचं नुकसान खरं आहे, चीडही खरी आहे. पण योग्य प्रकारे बसवलेलं सौर कुंपण क्षणभराचा झटका देऊन थांबतं, तर थेट जोडलेल्या तारेत करंट सतत वाहतो आणि हात चिकटलेला माणूस सुटू शकत नाही. तो चोर होता की वाट चुकलेला शेजारी, हे नंतर पंचनाम्यातच कळतं.