परत घेण्याचा हक्क कोणाकडे?

‘की टाकली, गेम उघडला, मग फसवणूक कसली?’ स्वस्तात गेम घेणाऱ्यांच्या तोंडी हा युक्तिवाद हमखास असतो. त्याला जोडून आणखी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. अकाउंट विकत घेताना पासवर्ड, ईमेल आणि फोन नंबर बदलून घेतला की ते आपलं झालं. आणि मध्ये ओळखीचा मध्यस्थ असला की पैसे बुडत नाहीत. ही तिन्ही मतं काही जणांच्या चांगल्या अनुभवावर उभी आहेत, म्हणून ती पटकन पटतात. तरीही तिन्ही चुकीची आहेत, कारण वस्तू हातात आली की त्यांचा हिशेब संपतो. या बाजारातला खरा धोका तिथून पुढे सुरू होतो.

पहिलं मत घेऊ. की म्हणजे स्टीमसारख्या दुकानात टाकायचा अक्षरांचा आणि आकड्यांचा कोड. तो चालला यावरून एवढंच सिद्ध होतं की कोड अस्सल आहे. तो कोणाच्या पैशांनी घेतला, हे त्यातून कळत नाही. ‘फॅक्टोरिओ’ हा गेम बनवणाऱ्या वूब सॉफ्टवेअर या चेक कंपनीला 2016 मध्ये याचा फटका बसला. तिच्या वेबसाइटवरून चोरीच्या क्रेडिट कार्डांवर कीज विकत घेतल्या गेल्या आणि जीटूए या बाजारात विकल्या गेल्या. खऱ्या कार्डधारकांनी बँकांकडे तक्रारी केल्या, तेव्हा बँकांनी कंपनीकडून पैसे परत घेतले. यालाच चार्जबॅक म्हणतात. विकणारा तोवर रोकड घेऊन पसार झालेला होता. 2019 मध्ये जीटूएने जाहीर केलं की चोरीच्या कीज आपल्याकडे विकल्या गेल्याचं सिद्ध झालं, तर चार्जबॅकच्या नुकसानीच्या दहापट रक्कम देऊ. तपासात फॅक्टोरिओच्या अशा 198 कीज सापडल्या आणि 2020 मध्ये जीटूएने 39,600 डॉलर भरले. बाजारात विकल्या गेल्या तेव्हा या कीज पूर्णपणे अस्सल होत्या, हे इथे विसरू नये.

ग्राहकाच्या बाजूने काय होतं, ते जानेवारी 2015 मध्ये दिसलं. युबिसॉफ्टने ‘फार क्राय 4’सारख्या गेमच्या अनेक कीज रद्द केल्या, कारण त्या चोरीच्या कार्डांवर घेतल्या गेल्या होत्या. लोकांच्या खात्यातले गेम एका दिवसात नाहीसे झाले. ज्यांनी खेळायला सुरुवात केली होती त्यांना कंपनीने नंतर गेम परत दिले, पण ती कंपनीची मर्जी होती. कार्डावरच्या व्यवहाराला हरकत घ्यायची मुदत अनेकदा 120 दिवसांपर्यंत असते. म्हणून ‘दोन महिने झाले, अजून चालतोय’ हा पुरावा होऊ शकत नाही.

दुसरं मत अकाउंटचं. यात काय होतं ते एका कल्पित व्यवहारातून पाहू. कोणी डिस्कॉर्डवर साठ गेम असलेलं स्टीम अकाउंट 6,000 रुपयांना विकायला काढलं. तुम्ही यूपीआयने पैसे पाठवले, ईमेल बदलला, पासवर्ड बदलला, फोनवर स्टीम गार्ड लावलं. महिना उलटला. मग विकणाऱ्याने स्टीमच्या मदत विभागाला कळवलं, ‘माझं अकाउंट हॅक झालंय.’ पुरावा म्हणून त्याने जुन्या खरेदीचा कार्डतपशील दिला, दुकानातून घेतलेल्या एका जुन्या गेमची छापील की दिली. मदत विभाग मालकी तपासताना असाच पुरावा मागतो. सध्याचा पासवर्ड कोणाकडे आहे याने मालकी ठरत नाही, कारण चोराकडेही पासवर्ड असतोच. अकाउंट विक्रेत्याकडे परत गेलं. तुम्ही ‘मी विकत घेतलंय’ म्हणालात, तर ते तुमच्याच विरुद्ध जातं, कारण स्टीमच्या करारात अकाउंट विकायला मनाई आहे. तेच अकाउंट पुढच्या आठवड्यात आणखी कोणाला विकता येतं. बीजीएमआयचं महागड्या स्किन्सचं अकाउंट असलं तरी गोष्ट तीच. ज्याच्या नावावर पहिल्यापासूनच्या खरेद्या आहेत, त्याचं पारडं जड राहतं.

तिसरं मत मध्यस्थाचं. मध्यस्थ खोटा असतो तेव्हाची गोष्ट उघड आहे. नामांकित मध्यस्थाचं नाव आणि फोटो लावून दुसराच कोणी चॅटमध्ये येतो. पण मध्यस्थ खरा आणि प्रामाणिक असला तरी त्याचं काम लॉगिन हाती येईपर्यंतच चालतं. तो पैसे धरून ठेवतो, लॉगिन चालतंय असं तुम्ही म्हणालात की सोडतो आणि बाजूला होतो. महिन्याने आलेल्या मालकीच्या दाव्यापुढे त्याच्या हातात काहीच नसतं.

आता गिफ्ट कार्डाकडे बघा, म्हणजे हे सगळं एका सूत्रात बसतं. गिफ्ट कार्डात कोड म्हणजेच पैसा. जो तो आधी टाकेल त्याचा. टाकल्यावर तो परत फिरवता येत नाही, आणि स्टीम वॉलेटमधली रक्कम दुसऱ्या खात्यात सरकवताही येत नाही. म्हणूनच फसवणारा ‘पैसे गुगल प्ले कार्डाने द्या, कोडचा फोटो पाठवा’ असं म्हणतो. म्हणूनच तो ‘व्हॉल्व्हचा कर्मचारी’ बनून येतो, तुमच्या खात्यावर चुकून तक्रार गेली आहे असं घाबरवतो आणि पडताळणीसाठी कार्ड मागतो. व्हॉल्व्ह किंवा दुसरी कोणतीही खरी कंपनी पडताळणीसाठी गिफ्ट कार्ड मागत नाही. कार्ड विकत घेतानाही हाच धोका उलट बाजूने असतो. अनोळखी माणसाने विकलेला कोड त्याच्याकडे लिहिलेला असतोच. तुम्ही टाकायच्या आत तो टाकू शकतो, आणि ‘तुम्हीच वापरला असेल’ म्हणून हात झटकू शकतो.

माझं म्हणणं यातून उभं राहतं. ‘वस्तू चालते का?’ ऐवजी ‘हा व्यवहार उद्या कोण परत फिरवू शकतं?’ असं विचारा. फसवणारा प्रत्येक वेळी एकच मांडणी करतो. तुम्ही दिलेले पैसे परत न फिरणारे, आणि त्याने दिलेली वस्तू परत फिरणारी. अशी मांडणी दिसली की किंमत, रेटिंग आणि स्क्रीनशॉट यांना अर्थ उरत नाही.

यावर आक्षेप येईल की सगळेच रीसेलर चोर नसतात, आणि आपल्याकडे मुलांच्या हाती पैसे कमी असतात. पहिलं खरं आहे. बंडलमध्ये आलेली नको असलेली की कोणी प्रामाणिकपणे विकतही असेल. पण घेणाऱ्याला ती आणि चोरीची की यांतला फरक बघून कळत नाही, आणि धोका मात्र सगळा त्याच्याच अंगावर येतो. दुसऱ्याला उत्तर आहे. हंबल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही दुकानं कीज थेट प्रकाशकांकडून घेतात आणि सवलतही देतात. ‘इज देअर एनी डील’ ही साइट अशा अधिकृत दुकानांचे भाव एकत्र दाखवते. स्टीमच्या सेलची वाट पाहिली तर चोरबाजाराइतकीच किंमत बऱ्याचदा समोर येते. अकाउंटला मात्र सुरक्षित पर्याय नाही. ते विकत घेऊच नये, कारण तिथे विकण्याचा हक्कच विक्रेत्याकडे नसतो.

फसवणूक झालीच असेल, तर वेळ घालवू नका. यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच गोठवता येतात. गिफ्ट कार्ड गेलं असेल तर कार्ड, पावती आणि चॅट जपून ठेवून कार्ड काढणाऱ्या कंपनीला कळवा. कोड अजून वापरला गेला नसेल तर तो बंद होण्याची शक्यता असते. ‘फी भरा, पैसे परत आणून देतो’ म्हणणारा कोणी पुढे आला, तर त्यालाही तोच प्रश्न लावा. त्याची फी परत फिरत नाही, आणि त्याचं आश्वासन तो केव्हाही फिरवू शकतो.