परवाना कोणाच्या नावावर, एवढंच विचारलं



आमच्या गल्लीमागे कापड रंगवण्याचा कारखाना आहे. गटारीतून कधी निळं, कधी लाल पाणी वाहतं. गल्लीतल्या बायकांनी महापालिकेत तीन वेळा तक्रार दिली. तिन्ही वेळा उत्तर एकच, ‘संबंधितांना समज देण्यात आली आहे.’

हे संबंधित कोण? फाटकावर एका कंपनीची पाटी, बाहेर पडणाऱ्या टेम्पोवर दुसऱ्याच कंपनीचं नाव आणि जागा तिसऱ्याच्या मालकीची. समज नक्की कोणाला दिली? नोटीस काढायची झाली तर ती माणसाच्या किंवा कंपनीच्या नावानेच काढावी लागते. नाव चुकलं की ‘आमचा संबंध नाही’ म्हणून ती परत येते आणि फाईल तिथेच थांबते. म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न पाण्याचा नाही, नावाचा आहे.

मी साधं पत्र दिलं नाही. साध्या पत्राला उत्तर न दिल्याबद्दल त्या टेबलावर कोणी जाब विचारत नाही. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला की तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत लिहायचा असतो. माझा त्याहून लहानच झाला:

‘मिळकत क्रमांक अमुक या पत्त्यावर सध्या चालू असलेल्या व्यवसाय परवान्याची प्रत द्यावी. प्रतीत धारकाचे नाव, मंजूर व्यवसाय व परवान्याची मुदत दिसावी. परवाना दिलेला नसल्यास तसे लेखी कळवावे.’

यात ‘कारवाई का केली नाही?’ असं कुठेही नाही. ‘का’ विचारलं की कार्यालयाला निबंध लिहिता येतो, किंवा ही माहिती नव्हे म्हणून हात झटकता येतात. कागदाची प्रत मागितली की कागद आहे किंवा नाही, एवढंच सांगता येतं. शेवटचं वाक्य तर गाळूच नका. ‘परवाना नाही’ हेही एक उत्तरच आहे आणि ते सही-शिक्क्याचं असतं.

आता महापालिकेचं उत्तर ऐका. ‘सदर माहिती त्रयस्थ पक्षाची असल्याने देता येत नाही.’ हे वाचून अनेकजणी थांबतात, आणि उत्तर त्यासाठीच लिहिलेलं असतं. कायदा काय म्हणतो? ज्यांना परवाने दिले त्यांचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करावा, असं कलम चार सांगतं. जे न मागता भिंतीवर लागायला हवं, ते मागितल्यावर गुपित कसं होतं? कंपनीचं धंद्याचं गुपित म्हणजे रंगाचं मिश्रण, दर, गिऱ्हाइकांची यादी. परवान्यावरचं नाव हे गुपित नव्हे. आणि खरंच त्रयस्थाला विचारायचं होतं, तर पाच दिवसांत त्याला लेखी कळवून त्याचं म्हणणं मागवायला हवं होतं. तसा एकही कागद फाईलला नव्हता.

हेच मुद्दे लिहून, वीस रुपयांचा स्टँप लावून, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील केलं. ते उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांत करावं लागतं. सुनावणीनंतर एका पानाची प्रत हातात आली. परवाना जागामालकाच्या कंपनीच्या नावावर, मंजूर व्यवसाय ‘कापड साठवण’ आणि मुदत मागच्या मार्चमध्येच संपलेली. पाटीवरच्या कंपनीचं नाव त्यात कुठेच नाही. म्हणजे रंगाईला परवाना कधी दिलाच नव्हता, आणि समज मात्र तीनदा दिली!

एवढ्याने पाणी स्वच्छ झालेलं नाही. सांडपाणी हा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा विषय, त्यांचं संमतीपत्र वेगळं असतं. पण त्यांच्याकडे दिलेल्या तक्रारीत आता ‘संबंधित’ नाही, दोन्ही कंपन्यांची नावं आहेत आणि सोबत परवान्याची प्रत आहे.

आपल्यातल्या काहीजणी म्हणाल्या, ‘कशाला कोणाच्या पोटावर पाय आणायचा? कारखानदार ओळखीचे, समाजातले असले तर?’ माझं म्हणणं एवढंच, की नाव विचारणं म्हणजे आरोप नव्हे. आपण भाजीवाल्याला वजन दाखव म्हणतो, तेव्हा त्याला चोर म्हणत नाही. ज्याचा परवाना नीट आहे त्याचं या अर्जाने काहीच बिघडत नाही. उलट परवाना काढून, पाण्यावर खर्च करून प्रामाणिकपणे चालणाऱ्यालाच शेजारचा बिनपरवाना कारखाना बुडवतो. त्याच्या पोटाचा विचार कोण करणार?

तुमच्या घराजवळ असा कारखाना असेल तर आधी मिळकत क्रमांक शोधा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तीस दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जातात.