शेवटचा अंक शून्य

भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. दोन्हीकडच्या दूध केंद्रांचं दहा दिवसांचं बिल थेट शेतकऱ्याच्या खात्यावर जमा व्हायचं होतं. खाते क्रमांक डेटाबेसशी ताडून पाहिले, तर शिरूरची यादी सरळ जुळली. दौंडच्या यादीतली सोळा अंकी खाती मात्र दहात एखादंच जुळत होती.

यादी करणारी मुलगी म्हणाली, "सर, आधारच्या रकान्यातही आकड्यात असंच ई दिसत होतं. नंबर फॉरमॅट दिला की आधार पूर्ण दिसतो. खात्यालाही तेच केलं."

घोळ इथंच होता. आधार बारा अंकी. एक्सेल तो आखडून दाखवतं, पण आत सगळे अंक शाबूत असतात. एक्सेलची धाव पंधरा अंकांपर्यंत. सोळावा अंक तिथं शून्य होतो. फाइलमध्ये 1234567812345678 असेल, तर डबल क्लिक केल्यावर 1.23457E+15 दिसतं आणि नंबर फॉरमॅट दिला की 1234567812345670. आकडा पूर्ण दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. ई दिसत असतानाच सीएसव्ही सेव्ह केली, तर आणखी वाईट: पुढच्या वेळी 1234570000000000 उघडतं.

जुळलेली खाती मी वेगळी काढली. सगळ्यांच्या शेवटी शून्य! ती मुळातच शून्यावर संपणारी होती, म्हणून वाचली. न जुळलेल्यांची मला तितकी धास्ती नव्हती, त्यांचे पैसे फार तर थांबले असते. पण 5671 ते 5679 वर संपणारे सगळे 5670 होतात, आणि त्या क्रमांकाचं खातं खरंच कुणाचं असलं तर?

गेलेला अंक कुठल्याही फॉरमॅटनं परत येत नाही, मूळ फाइलच लागते. ती केंद्राच्या मेलमध्ये सापडली. या वेळी डबल क्लिक न करता Data मधल्या From Text/CSV नं घेतली, Transform Data मध्ये खात्याच्या रकान्याचा प्रकार Text केला, मग शीटवर उतरवली. दौंडही जुळलं.

तरी एक खोड उरलीच. दुबार खाती शोधायला तिनं COUNTIF लावलं, आणि वेगवेगळी दोन खाती एकच निघाली. रकाना मजकुराचा असला तरी COUNTIF त्याला आकडा समजून पंधराच अंक बघतं. तिथं हे लावावं लागलं:

```
=SUMPRODUCT(--($A$2:$A$500=A2))
```

हे मजकूर अक्षरशः ताडतं. उत्तर 1 च्या वर गेलं, तरच खातं खरोखर दुबार.

बिल दुसऱ्या दिवशी गेलं. केंद्राला मी एकच सांगितलं: यादी पाठवण्याआधी "नुसती बघायला" म्हणून उघडलीत तर उघडा, पण बंद करताना सेव्ह करू का विचारलं, तर नाही म्हणा.

— कारकून