छायाचित्रातील पांढरी बाहुली

फ्लॅशच्या उजेडात टिपलेल्या छायाचित्रात बालकाचे डोळे लाल दिसले, की घरची मंडळी छायाचित्र बिघडले म्हणून हळहळतात. वस्तुतः ती लाली शुभलक्षणच होय. प्रकाश बाहुलीतून आत शिरतो, डोळ्याच्या मागील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून लाल होऊन परततो. त्याच्या वाटेत काही आडवे आलेले नसते. एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा वा पिवळसर चकाकला, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

निरोगी डोळाही कधी अशी चकाकी देतो. बालक किंचित नाकाकडे पाहत असेल, तर प्रकाश दृष्टिमज्जेच्या फिकट मुखावर पडतो. परंतु हा निर्वाळा तपासणीनंतर तज्ज्ञाने द्यावा, घरच्यांनी नव्हे.

दीड वर्षाच्या एखाद्या मुलीचे उदाहरण घेऊ. चकाकी काही छायाचित्रांतच दिसते, उजेडात डोळा स्वच्छ भासतो. घरात निष्कर्ष निघतो: जन्मजात मोतीबिंदू असेल, मोठी झाली की पाहू. नेत्रतज्ज्ञ थेंब घालून बाहुली विस्फारतात, तर भिंग नितळ. पांढरेपणा त्यामागे, पडद्यावरील गाठीचा. सोनोग्राफीत गाठीत चुन्याचे चमकदार कण आणि त्यांच्या मागे सावली दिसते. हा रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. तो बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. इतर गाठींप्रमाणे येथे सुईने तुकडा काढत नाहीत, कारण त्या छिद्रातून पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात. निदान तपासणी आणि प्रतिमांवरच होते. गाठ मज्जेकडे सरकली आहे का, हे एमआरआय सांगते. गाठ लहान असेल तर औषधे, लेसर वा गोठवण्याच्या उपचाराने डोळा वाचू शकतो. डोळा गाठीने भरला असेल तर जीव वाचवण्यासाठी तो काढावा लागतो. फरक बहुधा कधी दाखवले याचा असतो. हा विकार आनुवंशिकही असू शकतो, म्हणून दुसरा डोळा आणि भावंडांचे डोळेही तपासतात.

मोतीबिंदूच निघाला, तर थांबावे काय? मुळीच नाही. मोठ्यांचा मोतीबिंदू थांबू शकतो, तान्ह्याचा नाही. कारण मेंदू पाहायला शिकतो तो याच महिन्यांत. एका डोळ्यात जन्मतः दाट मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रिया साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात करावी लागते. पुढे भिंग स्वच्छ करूनही तो डोळा आळशी राहतो. पडदा सुटणे आणि कोट्स नावाचा रक्तवाहिन्यांचा विकार यांतही अशीच चकाकी दिसते. बाहेरून भेद कळत नाही.

नेत्रतज्ज्ञांकडे जाताना मूळ छायाचित्रे सोबत न्यावीत. मोबाइलमधील लाल डोळे घालवणारी सोय ही खूणही पुसून टाकू शकते. बालक तिरळे पाहत असेल, तर तेही सांगावे. कधी कधी गाठीचे पहिले लक्षण तेच असते.